दहावीच्या पेपरआधी ताईची चिठ्ठी

दहावीची परीक्षा तोंडावर आली की घरातली मोठी मुले धाकट्याला चार ओळी लिहून देतात. कुणी पुण्याच्या वसतिगृहातून पाठवते, कुणी त्याच घरात उशाशी ठेवते. मजकूर बहुधा सारखाच असतो. तू हुशार आहेस, घाबरू नकोस, आईबाबांचे नाव काढ. लिहिणाऱ्याची माया खरी असते आणि वाचणाऱ्यापर्यंत ती पोहोचतेही. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मुलाच्या मनात जे चाललेले असते त्याला या वाक्यांचा आधार मिळतो का, हा वेगळा प्रश्न आहे. पुष्कळदा मिळत नाही, आणि काही वाक्यांनी तर ओझे वाढते.

अशी चिठ्ठी लिहिण्यासाठी मोठ्या भावंडाइतके योग्य माणूस घरात दुसरे नसते. आईवडिलांनी परीक्षा देऊन पंचवीस-तीस वर्षे उलटलेली असतात; पेपरचे स्वरूप, गुणांची विभागणी, वेळापत्रक सारे बदललेले असते. शिक्षकांसमोर एका वेळी पन्नास-साठ मुले असतात. ताई किंवा दादा मात्र दोन-चार वर्षांपूर्वीच तशाच बाकावर बसून आलेला असतो. प्रवेशपत्र कुठे दाखवायचे, उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिताना हात कसा थरथरतो, पुरवणी मागायला उभे राहिले की कसे वाटते, हे त्याला आठवत असते. शिवाय धाकटा कुठे अडतो हेही त्याने जवळून पाहिलेले असते. चिठ्ठीचे सारे बळ या दोन गोष्टींत आहे. त्या दोन्ही बाजूला ठेवून भिंतीवरच्या सुविचारांसारखी वाक्ये लिहिली, तर ती चिठ्ठी कुणीही कुणालाही लिहिली असती तरी चालले असते.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. कराडजवळच्या गावात राहणारा मुलगा मराठी माध्यमातून दहावीला बसला आहे. घरात त्याला बाळ्या म्हणतात. ताई पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाळ्याला भाषा आणि समाजशास्त्र जमते, भीती आहे ती बीजगणिताची. पूर्वपरीक्षेत त्याला बीजगणितात ४० पैकी १७ पडले. तेव्हापासून तो रात्री एक-एक वाजेपर्यंत जागतो, असे आई फोनवर सांगते. ताईने घाईत लिहिलेली पहिली चिठ्ठी अशी असू शकते :

«प्रिय बाळ्या, तू खूप हुशार आहेस. तुला ९० च्या वर नक्की पडणार, मला खात्री आहे. आईबाबांनी तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या ते विसरू नकोस. दहावी हे आयुष्याचं वळण आहे, इथे घसरलास तर पुढे सगळं अवघड होईल. अजिबात घाबरू नकोस, टेन्शन घेऊ नकोस. आमचं नाव काढ. ऑल द बेस्ट!»

यातले एकही वाक्य वाईट हेतूने लिहिलेले नाही. तरीही १७ गुण मिळालेल्या मुलाच्या जागी बसून ती वाचली की प्रत्येक वाक्य कुठे टोचते ते कळते.

पहिले वाक्य हुशारीचे. अमेरिकेतल्या क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली या प्रकारच्या कौतुकावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पाचवीतल्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, तर काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे. मग सर्वांना अवघड कोडी दिली, ती कुणालाच फारशी सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी कोडी दिली, तेव्हा हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि मेहनतीचे कौतुक झालेल्यांची सुधारली. कारण समजायला सोपे आहे. यश हुशारीमुळे मिळते असे एकदा मनात बसले की अपयशाचा अर्थ ‘मी हुशार नाही’ असाच लागतो. मेहनतीशी यश जोडले असेल तर अडल्यावर करण्यासारखे काहीतरी उरते. बोर्डाच्या पेपरात अवघड प्रश्न मध्येच येतोच. त्या क्षणी ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य मुलाच्या मदतीला येत नाही, उलट त्याच्याकडे हिशेब मागते.

दुसरे वाक्य ९० टक्क्यांचे. लिहिणाऱ्याला ते विश्वासाचे वाटते, वाचणाऱ्याला ती मागणी वाटते. आणखी एक अडचण अशी की बाळ्याला ते खोटे आहे हे माहीत आहे. बीजगणितात १७ पडलेत हे ताईला ठाऊक असूनही ती ९० लिहिते, म्हणजे एक तर तिने नीट पाहिले नाही किंवा ती मनधरणी करते आहे. एका वाक्यावरचा विश्वास उडाला की उरलेल्या चिठ्ठीवरचाही उडतो.

आईबाबांच्या खस्ता आणि ‘घसरलास तर’ ही दोन वाक्ये सर्वांत जास्त नुकसान करतात. इंग्लंडमध्ये डेव्हिड पुटवेन आणि रिचर्ड रेमेडिओस यांनी सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून तो २०१४ साली प्रसिद्ध केला. नापास झालात तर पुढे शिक्षण नाही, नोकरी नाही, अशी आठवण शिक्षक वर्गात वारंवार करून देत. ज्या विद्यार्थ्यांना ही आठवण धमकीसारखी वाटली त्यांची अभ्यासाची ओढ कमी आढळली आणि परीक्षेत गुणही कमी पडले. परीक्षेचे महत्त्व दहावीच्या मुलाला ठाऊक नाही असे कधी नसते. जूनपासून त्याने दुसरे काही ऐकलेलेच नसते. आदल्या रात्री ते पुन्हा सांगून नवी माहिती मिळत नाही, फक्त धास्ती वाढते. कष्टाची आठवण तर आणखी खोल जाते, कारण तिला उत्तर देता येत नाही. आई पहाटे उठून डबा करते, बाबांनी क्लासची फी भरण्यासाठी उसने घेतले, हे मूल रोज पाहत असते. त्याची परतफेड दोन तासांच्या एका पेपरात करायची आहे असे वाटू लागले की पेपर हातात घेतानाच बोटे गार पडतात.

‘घाबरू नकोस’ हे निरुपद्रवी वाटते, पण भीती सांगून जात नाही. भीती वाटत राहते आणि ती वाटते आहे हाच आपला दोष आहे असे मूल समजू लागते. त्यापेक्षा भीतीचे काय होते ते सरळ सांगणे जास्त उपयोगी ठरते. जेरेमी जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. सराव परीक्षेआधी एका गटाला इतकेच सांगितले की परीक्षेच्या वेळी छाती धडधडणे, अस्वस्थ वाटणे यामुळे कामगिरी बिघडत नाही, उलट मदतही होऊ शकते. म्हणून तसे वाटले तर काळजी करू नका. या गटाला गणिताच्या भागात दुसऱ्या गटापेक्षा जास्त गुण मिळाले, आणि पुढे खऱ्या परीक्षेतही तसेच दिसले. धडधड दोन्ही गटांत होती, फरक पडला तो तिचा अर्थ कसा लावला यात.

हे सारे प्रयोग चिठ्ठ्यांवर झालेले नाहीत आणि एका चिठ्ठीने कुणाचे गुण वाढतात असा दावा करणे चुकीचे ठरेल. न झालेला अभ्यास चिठ्ठीने भरून निघत नाही. पण झालेला अभ्यास पेपरात उतरायला जे आड येते, म्हणजे घाबरून एका उदाहरणावर अडकून बसणे, झोप न होणे, पहिल्याच प्रश्नावर धीर सुटणे, त्यातले काही चार ओळींनी नक्की टाळता येते. त्यासाठी त्या ओळींत त्या मुलाच्या पेपरबद्दल काहीतरी असायला हवे.

म्हणून लिहिण्याआधी ताईने करायचे पहिले काम म्हणजे बाळ्याचा पूर्वपरीक्षेचा पेपर पाहणे. आईला फोनवरून उत्तरपत्रिकेचे फोटो पाठवायला सांगितले की पुरते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात बीजगणिताचा ४० गुणांचा आणि भूमितीचा ४० गुणांचा असे दोन वेगळे पेपर असतात, प्रत्येकी दोन तासांचे. अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून १०० गुणांचा एक विषय होतो. बीजगणिताच्या पेपरात पाच प्रश्न असतात. पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात एकेका गुणाचे आठ उपप्रश्न, निम्मे बहुपर्यायी. दुसरा प्रश्न १२ गुणांचा, त्यात दोन-दोन गुणांच्या कृती आणि लहान उदाहरणे. तिसरा ९ गुणांचा, चौथा ८ गुणांचा आणि पाचवा ३ गुणांचा. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांत मिळून २० गुण होतात, निम्मा पेपर तिथेच आहे. शिवाय दुसऱ्या प्रश्नापासून पुढे सगळीकडे पर्याय आहेत. चौथ्या प्रश्नात चार-चार गुणांची तीन उदाहरणे देतात आणि दोनच सोडवायची असतात.

आता बाळ्याच्या १७ गुणांकडे पाहिले की वेगळेच चित्र दिसते. पहिल्या दोन प्रश्नांत त्याला २० पैकी १४ पडले आहेत. तिसऱ्या प्रश्नात त्याने नावेचा आणि प्रवाहाचा वेग काढण्याचे शाब्दिक उदाहरण हाती घेतले. समीकरणे मांडताना प्रवाहाच्या दिशेचा आणि विरुद्ध दिशेचा वेग उलटसुलट झाला, दोनदा खोडले, तिसऱ्यांदा मांडले. ते पान खाडाखोडीने भरले आहे. तिसऱ्या प्रश्नातून जेमतेम ३ गुण मिळाले आणि चौथा-पाचवा प्रश्न कोराच राहिला. चौथ्या प्रश्नात अंकगणिती श्रेढीचे उदाहरण होते, जे त्याला हमखास येते. तिथपर्यंत तो पोहोचलाच नाही. याचा अर्थ बाळ्याला बीजगणित येत नाही असा होत नाही. एका उदाहरणाने त्याचा वेळ खाल्ला, इतकेच या पेपरावरून म्हणता येते. १७ हा आकडा पाहून बाळ्याला स्वतःला हे दिसत नाही, कारण त्याने तो पेपर लाजेने पुन्हा उघडलेला नाही. ताई ते दाखवू शकते, आणि हे दाखवणे ९० टक्क्यांच्या आश्वासनापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

दुसरे काम म्हणजे पूर्वपरीक्षेनंतर त्याने काय केले ते आईकडून किंवा त्याच्याकडूनच जाणून घेणे. समजा त्याने घड्याळ लावून जुने पेपर सोडवले आणि शेवटच्या दोन पेपरांत वेळ पुरला. ही गोष्ट चिठ्ठीत आली पाहिजे, कारण ती त्याच्याच वहीत लिहिलेली आहे. आत्मविश्वास दुसऱ्याने दिलेल्या खात्रीतून फार वेळ टिकत नाही. आपण स्वतः केलेले काम डोळ्यांसमोर आले की टिकतो.

तिसरे काम परीक्षेच्या दिवसाची माहिती तपासणे. ताईच्या वेळचे नियम आता लागू असतीलच असे नाही. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी देत असत. गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर ती पद्धत बंद झाली आणि २०२३ च्या परीक्षेपासून पेपर संपताना दहा मिनिटे वाढवून दिली जाऊ लागली. सकाळचा दोन तासांचा पेपर त्यामुळे अकराला सुरू होऊन एक वाजून दहा मिनिटांनी संपतो, आणि विद्यार्थ्याने साडेदहापर्यंत केंद्रावर पोहोचायचे असते. ताईने आपल्या आठवणीवर विसंबून ‘आधी दहा मिनिटं शांतपणे पेपर वाच’ असे लिहिले, तर बाळ्या त्या दहा मिनिटांची वाट पाहत बसेल. म्हणून त्या वर्षीचे प्रवेशपत्र आणि शाळेची सूचना पाहूनच लिहावे.

एवढे कळल्यावर चिठ्ठी मोठी करण्याचा मोह आवरावा लागतो. वहीचे एक पान, तेही एकाच बाजूला, पुरे. आदल्या रात्री मूल लांबलचक पत्र वाचायला बसले तर तोही अभ्यासाचाच एक धडा होतो. सूचना तर दोनच असाव्यात, फार तर तीन. त्यापेक्षा जास्त डोक्यात राहत नाहीत. नवे सूत्र, नवी युक्ती, ‘हे एकदा बघून घे’ असे काहीही लिहू नये. आदल्या रात्री ‘हेही येत नाही’ असे वाटले तर आधी येत असलेलेही डळमळते. ताईची दुसरी चिठ्ठी अशी होईल :

«बाळ्या,

उद्या बीजगणित. प्रिलिमचा पेपर आईने मला फोटो काढून पाठवला, मी सगळा पाहिला. पहिल्या दोन प्रश्नांत तुला वीसपैकी चौदा आहेत. बाकीचे गेले ते त्या नावेच्या उदाहरणापायी. तिथे अडकलास आणि श्रेढीचं उदाहरण बघायलाच वेळ उरला नाही. त्यानंतर तू घड्याळ लावून पाच पेपर सोडवलेस आणि शेवटच्या दोनांत वेळ पुरला. हे मी म्हणत नाही, तुझ्याच वहीत आहे.

उद्या आधी पहिला आणि दुसरा प्रश्न संपव. निम्मा पेपर तिथेच आहे. पुढे एखाद्या उदाहरणात पाच मिनिटांत वाट दिसली नाही, तर जागा सोडून पुढचं घे. शेवटी परत ये.

पेपर हातात येईपर्यंत छाती धडधडेल. माझी इतकी धडधडत होती की बैठक क्रमांक लिहिताना पेन हातातून निसटत होतं. पहिली चार उत्तरं लिहिली आणि कमी झालं. धडधडतंय म्हणजे आपण सगळं विसरलो असं नसतं.

आज साडेदहाला दप्तर बंद कर आणि झोप.

पेपर झाला की फोन कर. किती पडतील ते विचारणार नाही.

ताई»

या चिठ्ठीत कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी बाळ्याला ती वाचून बरे वाटेल, कारण ताईने त्याचा पेपर पानन् पान पाहिला हे त्यातून कळते. पाच मिनिटांची मर्यादा त्याच्याच चुकीवरून आली आहे. दुसऱ्या मुलाला ती सूचना गैरलागू ठरू शकते. एखादी मुलगी फार घाईने पेपर सोडवून चिन्हांच्या चुका करत असेल तर तिला ‘पाच मिनिटांत पुढे जा’ असे सांगणे उलटे पडेल. तिला प्रत्येक उत्तर समीकरणात घालून ताळा पाहायला सांगावे लागेल. म्हणून मैत्रिणीच्या भावाला लिहिलेली चिठ्ठी नाव बदलून वापरता येत नाही.

ताईने स्वतःची धडधड सांगितली, पण स्वतःचे गुण सांगितले नाहीत. हे मुद्दाम केलेले बरे. दहावीला ९२ टक्के मिळवलेल्या ताईची सावली घरात आधीच असते. शेजारी, नातेवाईक, कधी त्याच शाळेतले शिक्षकही तुलना करून मोकळे होतात. ताईच्या हातून तो आकडा पुन्हा लिहिला गेला तर बाकी सारी माया त्यापुढे फिकी पडते. ज्याला कमी गुण मिळाले किंवा जो एखाद्या विषयात राहिला अशा दादाने चिठ्ठी लिहू नये, असे मात्र नाही. पेपर अवघड गेल्यावर पुढचे दिवस कसे काढले, पुढच्या पेपराची तयारी कशी धरली, हे त्याच्याइतके चांगले कुणी सांगू शकत नाही. त्याने फक्त ‘माझ्यासारखं करू नकोस’ हे वाक्य टाळावे. त्यातून भीतीच पोहोचते.

नापास होण्याची भीती ज्याला खरोखरच आहे अशा मुलासाठी वेगळा विचार लागतो. ज्याने तो विषय काढलेलाही नाही त्याला आपण होऊन ‘नापास झालास तरी हरकत नाही’ लिहिले, तर ताईला आपली खात्री नाही असा अर्थ निघतो. पण मुलाने स्वतः विचारले असेल तर मायेच्या शब्दांपेक्षा माहिती द्यावी. २०१५ पासून मंडळ मार्चच्या निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेते. एक-दोन विषय राहिले तर ठरलेल्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढली जाते. हे सारे आधी, निवांत वेळी, समोर बसून सांगितलेले चांगले. चिठ्ठीत त्याची एक ओळ पुरते, ‘राहिला तर जुलैची परीक्षा आपण दोघे मिळून बघू’ इतकीच.

चिठ्ठी कशी आणि केव्हा द्यायची हा भाग लोक किरकोळ समजतात, पण गफलत बहुधा इथेच होते. ताई पुण्यात असल्यामुळे मोबाइलवर पाठवणे सोपे वाटते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मात्र मुलाने फोन हातात घेतला की ताईच्या संदेशाच्या वरखाली वर्गाचे ग्रुप दिसतात, आणि त्यात ‘उद्या हे नक्की येणार’, ‘पेपर फुटला’ असे निरोप फिरत असतात. खरे असोत की खोटे, ते वाचून मुलगा पुस्तक पुन्हा उघडतो. म्हणून हाताने लिहून आठवडाभर आधी टपालाने पाठवावी आणि आईकडे ठेवून द्यायला सांगावे. तेवढा अवधी नसेल तर आईच्या फोनवर पाठवून आईने कागदावर उतरवून दिली तरी चालते. आईचे अक्षर असले तरी शब्द ताईचेच राहतात.

देण्याची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळी, जेवणाआधी. रात्री झोपताना दिली तर मन पुन्हा जागे होते. सकाळी निघताना दिली तर चपला घालता घालता वाचली जाते, डोक्यात काही उतरत नाही.

एका गोष्टीबद्दल फार सावध राहावे लागते. काही मुले अशी चिठ्ठी प्रेमाने कंपासपेटीत ठेवतात, पॅडच्या क्लिपमध्ये अडकवतात किंवा प्रवेशपत्रामागे घडी घालून ठेवतात. मोठी भावंडेही कधी कधी गंमत म्हणून पट्टीवर किंवा प्रवेशपत्राच्या मागे ‘बेस्ट लक’ लिहितात. परीक्षागृहात उत्तरपत्रिका आणि प्रवेशपत्राखेरीज कोणताही लिहिलेला कागद सापडला तर पर्यवेक्षक किंवा भरारी पथक त्याची दखल घेते. मजकूर निरुपद्रवी आहे हे नंतर स्पष्ट झाले तरी तोवर पेपरातली पंधरा-वीस मिनिटे जातात आणि मुलाचा जीव टांगणीला लागतो. आकडे आणि उदाहरणांचा उल्लेख असलेली ताईची चिठ्ठी तर दुरून कॉपीसारखीच दिसेल. ती घरीच राहिली पाहिजे, आणि हे देतानाच सांगितले पाहिजे. प्रवेशपत्रावर कुणीही काहीही लिहू नये.

चिठ्ठी लागू पडली की नाही हे त्याच संध्याकाळी कळते. वाचल्यावर मुलगा एखादा साधा प्रश्न विचारतो, पेन दोन ठेवू की तीन, केंद्रावर कुणाबरोबर जाऊ, आणि वेळेवर झोपतो, तेव्हा ती पोहोचली असे समजावे. वाचून गप्प झाला, पुन्हा वही काढून बसला, ‘आणि कमी पडले तर ताई काय म्हणेल?’ असे आईला विचारू लागला, तर एखाद्या ओळीतून मागणी पोहोचली आहे. अशा वेळी दुसरी चिठ्ठी पाठवू नये. ताईने दोन मिनिटे फोन करून, परीक्षेचा विषय न काढता, जेवणाचे किंवा गावातल्या जत्रेचे बोलावे.

काही चिन्हे मात्र चिठ्ठीच्या आवाक्याबाहेरची असतात. सलग अनेक रात्री झोप नाही, जेवण तुटले आहे, मुलगा कुणाशी बोलत नाही, ‘मी नसलो तर बरं होईल’ असे काही बोलतो, तर तो परीक्षेचा साधा ताण नव्हे. तेव्हा आईवडिलांना लगेच सांगायचे आणि त्याला एकटे सोडायचे नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते. परीक्षेच्या काळात मंडळही समुपदेशक नेमते आणि त्यांचे क्रमांक जाहीर करते. धाकट्याने ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असली तरी मोठ्या भावंडाने ती मोडावी.

पेपर झाल्यावर फोन येतो तेव्हा चिठ्ठीतला शब्द पाळावा लागतो. ‘किती सोडवलंस?’ हा प्रश्न ओठावर येतोच, पण तो विचारला की लिहिलेले सारे खोटे ठरते. उत्तरे पडताळून पाहण्याची घाई मुलांना असते, केंद्राबाहेरच टोळकी जमून बेरजा सुरू होतात. त्यातून एखादे उत्तर चुकल्याचे कळले तरी त्याचे काहीच करता येत नाही, आणि भूमितीच्या पेपराला बहुधा मध्ये एकच दिवस असतो. बाळ्याने आपण होऊन सांगितले की नावेसारखे उदाहरण पुन्हा आले आणि मी सोडून पुढे गेलो, तर ताईने ‘बरं केलंस’ म्हणावे आणि पुढच्या पेपराकडे वळावे. भूमितीसाठी नवी चिठ्ठी लागत नाही. त्या पेपराचेही पहिले दोन प्रश्न २० गुणांचेच असतात आणि जुनी योजना तशीच चालते. प्रमेयाच्या सिद्धतेत पक्ष आणि साध्य लिहून आकृती काढायला विसरू नकोस, एवढे फोनवर सांगितले की झाले.